‘टाका’ म्हणजे आत की बाहेर?

फोनची भाषा मराठी केली की काही अ‍ॅप्स एकदम नीट मराठी बोलायला लागतात आणि काही अशी बोलतात की आपणच गोंधळून जावं. अलार्म वाजतोय आणि स्क्रीनवर दोन बटणं, एक ‘डुलकी’ आणि दुसरं ‘बडतर्फ करा’. बिचाऱ्या अलार्मने असा काय गुन्हा केला! पण काही बिघडत नाही, एक बटण अजून झोपायचं आहे म्हणजे दुसरं अलार्म गप्प करायचं, एवढं अर्धवट झोपेतही कळतं. ग्रुपच्या मेनूत सगळ्यात खाली लाल अक्षरात ‘रजा’ लिहिलेलं असतं, तिथेही हसून आपण समजून घेतो की हे ग्रुप सोडायचं बटण आहे, सुट्टीचा अर्ज नाही. अशा चुकांची मला भीती वाटत नाही, कारण त्या लगेच दिसतात. भीती वाटते ती बरोबर वाटणाऱ्या शब्दांची.

उदाहरणार्थ ‘टाका’.

फोटो एडिट करताय, थोडा उजेड वाढवला, कडा कापल्या आणि सेव्ह न करता मागे जायला गेलात, की मध्येच चौकट येते, ‘बदल टाकायचे?’ आणि खाली दोन बटणं, ‘टाका’ आणि ‘संपादन ठेवा’. आता आपण दिवसभर फोनवर काय वाचतो? पासवर्ड टाका, ओटीपी टाका, नंबर टाका. टाका म्हणजे आत घाला, भरा. मग ‘बदल टाका’ म्हणजे केलेले बदल फोटोत घाला असंच वाटणार ना, आणि ‘ठेवा’ म्हणजे आधीचं होतं तसं ठेवा. प्रत्यक्षात बरोब्बर उलटं आहे, इथे ‘टाका’ म्हणजे टाकून द्या, कचऱ्यात टाकतो तसं, आणि ‘संपादन ठेवा’ म्हणजे एडिटिंग चालू ठेवा. मराठीत टाकणं दोन्हीकडे चालतं, आत पण आणि बाहेर पण, आणि कुठलं ते आपण बोलताना शेजारच्या शब्दांवरून ठरवतो. बटणावर मात्र तो शब्द एकटाच उभा असतो.

तो एकटा का पडतो याचं कारण अ‍ॅपच्या पोटात आहे. स्क्रीनवर दिसणारी सगळी वाक्यं एका वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवलेली असतात, प्रत्येकाला एक छोटं नाव आणि समोर इंग्रजी शब्द. भाषांतराला जाते ती ही यादी. त्यात स्क्रीन नसते, वरचा प्रश्न नसतो, शेजारचं बटण चार-पाचशे ओळी लांब असू शकतं. भाषांतर करणाऱ्या मशीनला एकटा शब्द मिळाला की ते नेहमी दिसणारा अर्थ उचलतं आणि पुढे जातं. माणसाला दिला असता तर त्याने निदान विचारलं असतं, हे बटण आहे की मथळा आहे की नुसती माहिती? त्यात पैसे-वेळ वाचवायला एकच इंग्रजी शब्द दोन ठिकाणी वापरलेला असला तर विचारूच नका, मेनूतलं ‘ओपन’ आणि दुकानाच्या वेळेपुढचं ‘ओपन’ एकाच ओळीतून येतात आणि मग दुकानाच्या नावापुढे ‘उघडा’ असं फर्मान दिसतं. यावर उपाय नाही असं नाही, गेटटेक्स्ट नावाच्या पद्धतीत प्रत्येक शब्दासोबत तो कुठे वापरलाय ते लिहायची सोय आहे:

```
msgctxt "menu"
msgid "Open"
msgstr "उघडा"

msgctxt "shop status"
msgid "Open"
msgstr "सुरू आहे"
```

वरची msgctxt ची ओळ म्हणजेच संदर्भ. ती लिहायची की नाही हे अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात असतं, आणि घाईत हीच ओळ राहून जाते. म्हणजे जो संदर्भ वाटेत गळला तो स्क्रीनवर बसून आपल्यालाच परत जोडायचा असतो.

तर त्या फोटोच्या चौकटीकडे परत बघा, पण शब्दाचा अर्थ लावत बसू नका. आधी हे बघा की चौकट आली कधी. तुम्ही मागे जात होतात, सेव्ह केलेलं नव्हतं. अशा वेळी अ‍ॅप थांबवून विचारतं ते बहुतेकदा काहीतरी जाणार असतं म्हणून. मग बटणं मोजा. ‘सेव्ह करू का’ असा प्रश्न असता तर साधारण तीन उत्तरं लागतात, सेव्ह करा, करू नका, आणि थांबा मला परत जाऊ द्या. इथे दोनच आहेत. त्यातल्या दुसऱ्यात ‘संपादन’ शब्द आहे म्हणजे ते तुम्हाला एडिटिंगमध्ये परत नेणार, मग उरलेल्याचं काम एकच, सोडून बाहेर जाणं. म्हणजे ‘टाका’ म्हणजे बाहेर टाका. शंकेचं बटण सोडून शेजारचं बटण वाचलं आणि उत्तर मिळालं, माझ्या मते हीच सगळ्यात कामाची युक्ती आहे.

रंगाची मदत होते, लाल अक्षरं असली तर बहुधा काहीतरी पुसलं जाणार आहे, पण सगळी अ‍ॅप्स हा नियम पाळत नाहीत. डावं-उजवं तर अजिबात धरू नका, विंडोजवर होकार सहसा डावीकडे असतो आणि मॅकवर उजवीकडे, एकाची सवय दुसरीकडे नेली की फसलात.

आणि एक गोष्ट लोक हमखास करतात, तो ‘टाका’ शब्द उचलून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घालतात आणि इंग्रजीत काय येतं ते बघतात. याचा फार उपयोग नाही हो, कारण तिथेही तो एकटाच गेला, संदर्भ याही वेळी मागेच राहिला. घालायचंच असेल तर प्रश्न आणि दोन्ही बटणं सगळं एकत्र घाला, मग निदान थोडी आशा असते.

तरीही खात्री होत नसेल तर चौकटीतलं कुठलंच बटण दाबू नका, अँड्रॉइड असेल तर फोनचंच मागे जायचं बटण वापरा. बहुतेक अ‍ॅप्समध्ये चौकट नुसती बंद होते आणि तुम्ही कामावर परत येता (काही अ‍ॅप्स चौकट हटूच देत नाहीत, तिथे हे चालत नाही). मग आधी नीट सेव्ह करा, आणि कुतूहल शिल्लक असेल तर एखादा फालतू फोटो उघडून त्यात काहीतरी खरडा, मागे जा आणि ‘टाका’ दाबून बघा काय होतं ते. खरडलेलं गेलं तर कळलंच.

पण अकाउंट बंद करायचं पान किंवा पैसे भरायचं पान, तिथे असं करून बघता येत नाही. तिथे सरळ भाषा बदला, पूर्ण फोनची बदलायची गरज नाही. अँड्रॉइड १३ पासून सेटिंग्जमध्ये भाषांच्या भागात एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, आयफोनवर ही सोय आयओएस १३ पासून आहे, सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर भाषेचा पर्याय असतो, फक्त फोनच्या भाषांच्या यादीत एकापेक्षा जास्त भाषा हव्यात. अँड्रॉइडच्या त्या यादीत सगळी अ‍ॅप्स दिसतील असं नाही, दिसलं नाही तर मग पूर्ण फोनचीच भाषा थोडा वेळ बदलावी लागते. भाषा बदलल्यावर अ‍ॅप नव्याने सुरू होऊ शकतं, म्हणून अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.