स्पिन लहरींची वही: सरळ रेषेपासून दीडाव्या घातापर्यंत

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं होतं की लॅपटॉपवर लोहचुंबकाचं मॉडेल चालवतोय. साधी घनाकृती जाळी, १६×१६×१६, प्रत्येक बिंदूवर एक बाण, आणि शेजारच्या बाणांनी एकाच दिशेला तोंड केलं की ऊर्जा कमी. माँटे कार्लोने बाण हलवायचे आणि प्रत्येक तापमानाला सरासरी चुंबकन मोजायचं. थंड टोकाला फेलिक्स ब्लॉखचा १९३० सालचा नियम दिसावा, म्हणजे चुंबकनातली घट T^(3/2) प्रमाणे वाढावी, एवढीच अपेक्षा होती.

दिसली ती सरळ रेषा. तापमान t = kT/J या एककात, J म्हणजे शेजारच्या दोन बाणांमधल्या जोडणीची ऊर्जा, ०.०५ असताना घट सुमारे १.२ टक्के, ०.१ला सुमारे २.४ टक्के. तापमान दुप्पट, घटही दुप्पट. दोन संध्याकाळी कोडमधला बग शोधण्यात गेल्या. बग नव्हताच.

चूक बाणांत होती. माझे बाण अभिजात होते, म्हणजे कितीही थोडे कलू शकणारे. एक स्पिन, म्हणजे एक बाण, पूर्ण उलटा करायचा तर सहाही शेजाऱ्यांशी भांडण, खर्च मोठा. पण तोच कल सगळ्या जाळीभर वाटून दिला, प्रत्येक स्पिन शेजाऱ्यापेक्षा किंचितच वळलेला, तर खर्च अगदी थोडा. हीच स्पिन लहर. लहर जितकी लांब तितकी ती स्वस्त: ऊर्जा ε = Dk², इथे k म्हणजे २π भागिले तरंगलांबी आणि D हा त्या चुंबकाचा स्थिरांक; kT मधला k मात्र बोल्ट्झमनचा. अभिजात जगात प्रत्येक लहरीला, ती महाग असो वा स्वस्त, kTचा वाटा मिळतोच. त्यामुळे प्रत्येक लहरीची तीव्रता kT/ε, आणि सगळ्यांची बेरीज Tच्या सरळ प्रमाणात. अनंत जाळीसाठी या रेषेचा उतार ०.२५२७ येतो. माझा ०.२४च्या आसपास होता. हा फरक मी तेव्हा सोडून दिला, आणि तोच पुढे अंगाशी आला.

पुंज जगात लहरीची तीव्रता सुट्ट्या नाण्यांत मोजावी लागते. एक नाणं म्हणजे एक मॅग्नॉन. त्याची किंमत ε, आणि एक मॅग्नॉन आला की एकूण स्पिन बरोबर एकने घटतो, लहर कुठलीही असो. kTपेक्षा महाग लहरी जवळजवळ गोठलेल्या असतात. उरतात त्या Dk² < kT एवढ्या, म्हणजे k-अवकाशात √(kT/D) त्रिज्येचा एक गोळा. गोळ्याचं आकारमान त्रिज्येच्या घनाइतकं वाढतं, म्हणून उपलब्ध लहरींची संख्या T^(3/2). दीड कुठून आला, तर तीन मितींचे तीन आणि ऊर्जेतल्या k²चे दोन: ३/२. ध्वनिलहरींत ऊर्जा k¹ प्रमाणे असते, म्हणून तिथे याच मोजणीतून T³ येतो.

मग माँटे कार्लो बाजूला ठेवलं आणि २०×२०×२० जाळीवरच्या प्रत्येक kसाठी मॅग्नॉनांची सरासरी संख्या, म्हणजे बोसचा अंश 1/(e^(ε/kT) − 1), मोजून बेरीज केली, प्रत्येक बिंदूवरचा स्पिन S = १/२ धरून. k = 0 वगळावा लागतो, नाहीतर शून्याने भागाकार. लॉग-लॉग आलेखावर उतार काढला: t = ०.१ला १.८७, t = ०.०२ला जवळजवळ ३! जितकं थंड करावं तितकं उत्तर दीडापासून दूर.

यावेळी मात्र खूण ओळखता आली. २०च्या जाळीत सर्वांत लांब लहर २० घरांची, तिची ऊर्जा सुमारे ०.०४९ J. तापमान त्याच्याही खाली गेलं की सगळ्यांत स्वस्त लहरसुद्धा परवडत नाही, आणि घट घातांकी वेगाने मरते. t = ०.१लाही सुटका नाही, कारण k = 0 जवळचा जो भाग जाळीत नाहीच तो एकूण बेरजेच्या जवळजवळ ४० टक्के निघाला. ही तूट जाळीच्या बाजूच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, म्हणजे फार हळू: बाजू २०० केली, ऐंशी लाख बिंदू, तरी उतार १.५४. आधीच्या रेषेचा उतार कमी येत होता तो याच तुटीमुळे. तुमचा घातांक थंड टोकाला वर चढत असेल तर आधी जाळीचा आकार बदलून पाहा.

सुटका बेसेल फलनाने झाली. बोसचा अंश गुणोत्तर श्रेणीत उलगडला की x, y, z दिशांची संकलनं सुटी होतात आणि प्रत्येकाचं उत्तर एकच फलन येतं. जाळी अनंत, तरी बेरीज एकाच अंकावरची:

```python
import numpy as np
from scipy.special import i0e

def n(t, S=0.5, M=200000):
    m = np.arange(1, M + 1)
    tail = 2*(t/(4*np.pi*S))**1.5 / np.sqrt(M)
    return (i0e(2*S*m/t)**3).sum() + tail
```

श्रेणीचं शेपूट हळू आटतं, म्हणून `tail` वेगळं जोडलंय. ते विसरलात तर उत्तर थोडं कमी येईल. आता उतार t = ०.१ला १.५२, ०.०२ला १.५०४. उरलेली किंचित वाढ खरी आहे: ऊर्जा k² फक्त लांब लहरींसाठी, जाळीमुळे पुढचं पद T^(5/2)चं येतं. मॅग्नॉनांची आपापसातली टक्कर मात्र या कोडमध्ये नाही. डायसनने १९५६मध्ये दाखवलं की ती T⁴पासून सुरू होते, म्हणून थंडीत चालून जातं.

मग मोह आवरला नाही, लोखंडावर लावून पाहिलं. लांब लहरींसाठी दर घनफळातले मॅग्नॉन २.६१२ × (kT/4πD)^(3/2). लोखंडाचा D साधारण २८० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट गुणिले अँगस्ट्रॉमचा वर्ग, ३०० केल्व्हिनला kT सुमारे २५.९ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, एका अणूला जागा ११.८ घन अँगस्ट्रॉम. उत्तर: दर अणूमागे ०.०१९ मॅग्नॉन, म्हणजे ढोबळमानाने पन्नास अणूंत एक. प्रत्येकजण साधारण २.१ बोर मॅग्नेटॉन खातो, अणूजवळ आहेत २.२२. घट १.८ टक्के. मोजलेली संपृक्त चुंबकनं शून्य केल्व्हिनला १७४० आणि खोलीच्या तापमानाला १७०७ (सीजीएस एकक), म्हणजे १.९ टक्के. धातूतले इलेक्ट्रॉन जाळीवर बांधलेले नसतात आणि Dही तापमानाबरोबर थोडा बदलतो, तेव्हा इतका जवळचा मेळ थोडा नशिबाचाही मानतो. तरी वाइसच्या सरासरी क्षेत्राशी तुलना करा: तिथे फक्त एकेकटा स्पिन उलटतो, १०४३ केल्व्हिनचं क्युरी तापमान घातलं तर घट जेमतेम ०.२ टक्के. दहापट चूक, कारण तिथे स्वस्त लांब लहरी नाहीतच.

काल रात्री सहज कोडमधला घात ३ऐवजी २ केला, म्हणजे एकाच थराचं चुंबक, आणि `tail` काढलं. M दहापट केला की प्रत्येक वेळी बेरजेत तेवढीच भर पडते, t = ०.१ला ०.०३७. वीस लाखांपर्यंत नेलं, थांबायचं नाव नाही.