आकारमान निम्मं केलं, तरी NO₂ ची संहती वाढलीच कशी?

समतोलाच्या गणितात आकारमान बदलल्यावर अभिक्रिया कुठल्या बाजूला सरकते, हे मला कधी अडलं नाही. अडायचं ते उत्तर आल्यावर. अभिक्रियेत NO₂ खर्च होतोय हे स्पष्ट दिसायचं, आणि तरी उत्तरात NO₂ ची संहती सुरुवातीपेक्षा जास्त यायची. दर वेळी वाटायचं, कुठेतरी चिन्ह चुकलं. चिन्ह बरोबर असायचं. तुलना चुकीच्या आकड्याशी होत होती, आणि ‘दाब वाढवला की कमी मोलांकडे’ एवढ्या एका ओळीवर विषय संपवणाऱ्या शिकवणीचा म्हणूनच मला अजून राग येतो.

गणित असं: N₂O₄ ⇌ 2NO₂, 25 °C ला K = 4.6 × 10⁻³ धरू. 2 लिटरच्या भांड्यात समतोल आहे, N₂O₄ ची संहती 0.0400 आणि NO₂ ची 0.0136 मोल प्रति लिटर. तापमान तेच ठेवून आकारमान 1 लिटर केलं.

पहिलं काम म्हणजे दोन्ही संहती दुप्पट करणं: 0.0800 आणि 0.0272. हा समतोल नाही, अभिक्रियेने अजून काही केलेलंच नाही अशी ही कल्पित घडी आहे. Q म्हणजे रिॲक्शन कोशंट, तो या आकड्यांवर काढायचा:

Q = (0.0272)² ÷ 0.0800 ≈ 9.2 × 10⁻³

म्हणजे K च्या दुप्पट. वर वर्ग आहे, खाली साधी संहती. म्हणून वरचा भाग चौपट झाला, खालचा दुप्पट. Q मोठा असल्याने अभिक्रिया मागे फिरणार, NO₂ चा N₂O₄ होणार. (H₂ + I₂ ⇌ 2HI मध्ये दोन्ही बाजूंना दोनच मोल, त्यामुळे Q हलतच नाही आणि पुढचं काही करायची गरज पडत नाही.)

आता N₂O₄ = 0.0800 + x आणि NO₂ = 0.0272 − 2x. ते 2x विसरलात तर सगळं फिसकटतं.

(0.0272 − 2x)² = 0.0046 (0.0800 + x)

सोडवल्यावर 4x² − 0.1134x + 0.000372 = 0, आणि x चे दोन आकडे मिळतात: 0.00378 आणि 0.0246. दुसरा घेतला तर NO₂ ऋण येतो, म्हणून तो बाद. ‘x लहान आहे, सोडून द्या’ ही युक्ती इथे चालत नाही, कारण 2x म्हणजे 0.0272 चा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग आहे.

उत्तर: N₂O₄ 0.0838, NO₂ 0.0196.

इथेच गाडी अडते. NO₂ चे तीन आकडे एकाखाली एक लिहा: 0.0136, मग 0.0272, मग 0.0196. अभिक्रियेने त्याला 0.0272 वरून खाली आणलं, पण 0.0136 पर्यंत नाही. ‘कमी झाला’ हे मधल्या आकड्याच्या तुलनेत खरं आहे, पहिल्याच्या तुलनेत नाही. आता मोल मोजा. आधी 2 लिटरमध्ये 0.0272 मोल NO₂ होता, आता 1 लिटरमध्ये 0.0196. मोल घटले, संहती वाढली. दोन्ही एकाच वेळी खरं. सरकण्याचा नियम मोलांबद्दल बोलतो आणि आपण तो संहतीवर लावतो, घोटाळा एवढाच.

हे डोळ्यांनाही दिसतं. NO₂ तपकिरी, N₂O₄ रंगहीन. तोंड बंद केलेल्या सिरिंजमध्ये हे मिश्रण दाबून बाजूने पाहिलं, तर रंग सुरुवातीपेक्षा गडदच राहतो, कारण नजरेच्या वाटेची जाडी तीच आणि संहती जास्त. सिरिंजच्या लांबीच्या दिशेने आरपार पाहिलं तर मात्र तो फिका होतो. तिथे नजरेच्या वाटेत सगळे मोल येतात, आणि ते घटलेले असतात. वायू विषारी आहे, तेव्हा सिरिंज घट्ट बंद हवी. दाबल्यावर वायू तापतो आणि तापमानाबरोबर K सुद्धा बदलतो, म्हणून तो पूर्ववत थंड झाल्यावरच तुलना करा.

पडताळा आधीच सांगायला हवा होता: नायट्रोजनचा हिशोब जुळवा. दाबल्याबरोबर 2 × 0.0800 + 0.0272 = 0.1872, शेवटी 2 × 0.0838 + 0.0196 = 0.1872. नंतर Q परत काढा, 4.6 × 10⁻³ आला नाही तर चूक बहुतेक वर्ग समीकरणात असते. आणि आकारमान न बदलता भांड्यात नुसता आर्गॉन सोडला, तर एकूण दाब वाढूनही Q जागचा हलत नाही, कारण या दोन वायूंच्या संहती बदललेल्याच नसतात.