किडनीचं एकच गणित, पण एककं चार तऱ्हेची: मी ते कसं सोडवते

फिजिऑलॉजीच्या गणितात सूत्र सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते एककांपाशी. नाशिकच्या कुठल्याही लॅबचा रिपोर्ट घ्या, क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतं. बीपी आपण एमएमएचजीत मोजतो. वॉर्डात कानावर पडतात ते हेच आकडे, त्यामुळे ते कमी की जास्त हे लगेच कळतं. ब्रिटिश पद्धतीचा प्रश्न समोर आला की तेच क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये आणि दाब किलोपास्कलमध्ये येतो, आणि मग आकडा बघून काहीच जाणवत नाही. म्हणून मी ज्युनिअर्सना एकच प्रश्न पूर्ण सोडवायला देते. त्यात सगळं येतं.

प्रश्न असा. ३० मिनिटांत ४५ मिली लघवी जमा झाली. लघवीतलं क्रिएटिनिन ७.२ मिलिमोल प्रति लिटर, प्लाझ्मातलं ९० मायक्रोमोल प्रति लिटर. पीएएच लघवीत ६ मिलिग्रॅम प्रति मिली, प्लाझ्मात १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. हिमॅटोक्रिट ४५ टक्के. धमनीतला दाब १६/१०.६ किलोपास्कल, रीनल व्हेनमधला दाब ४ एमएमएचजी. जीएफआर, किडनीतला रक्तप्रवाह आणि किडनीच्या रक्तवाहिन्यांचा रेझिस्टन्स काढा.

सूत्राला हात लावण्याआधी मी लघवीचा वेग काढून ठेवते: ४५ भागिले ३०, म्हणजे १.५ मिली प्रति मिनिट. मग सूत्र:

`C = U × V / P`

यातली एक गोष्ट नीट समजली की निम्मं काम होतं. U आणि P एकमेकांना भागले जातात, म्हणून ते कुठल्याही एककात चालतात. फक्त दोघांचं एकक एकच हवं. उत्तराला एकक मिळतं ते V कडून. V मिली प्रति मिनिट असेल तर क्लिअरन्सही मिली प्रति मिनिट. २४ तासांची लघवी लिटरमध्ये घेऊन तशीच ठेवली, तर उत्तर लिटर प्रति दिवस येतं. ते चुकीचं नाही, पण १२० च्या जागी १७३ दिसतं आणि मुलं गोंधळतात.

इथे ७.२ मिलिमोल म्हणजे ७२०० मायक्रोमोल. ७२०० भागिले ९० म्हणजे ८०. गुणिले १.५, म्हणजे १२० मिली प्रति मिनिट. मिलिमोल आणि मायक्रोमोल तसेच ठेवले तर उत्तर ०.१२ येतं. १.५ मिली लघवी होतेय आणि फिल्टर होतंय ०.१२ मिली? हे शक्यच नाही, आणि चूक पकडायला एवढं पुरतं. प्लाझ्माचा आकडा ओळखीचा वाटत नसेल तर ८८.४ ने भागा: ९० मायक्रोमोल म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. क्रिएटिनिन थोडं ट्यूब्यूलमधूनही सिक्रीट होतं, म्हणून हा आकडा खऱ्या जीएफआरपेक्षा थोडा वर असतो. इन्युलिनचा तसा नसतो. प्रश्नात 'क्रिएटिनिन क्लिअरन्स' म्हटलं असेल तर उत्तरातही तेच लिहावं.

पीएएचला अडचण मिली आणि डेसिलिटरची आहे. १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ०.०१५ मिलिग्रॅम प्रति मिली. ६ गुणिले १.५ भागिले ०.०१५, उत्तर ६०० मिली प्रति मिनिट. डेसिलिटर तसंच राहिलं तर उत्तर ६ येतं, म्हणजे नुकत्याच काढलेल्या जीएफआरपेक्षाही कमी. पीएएच फिल्टर होऊन वर सिक्रीटही होतं, त्यामुळे त्याचा क्लिअरन्स जीएफआरपेक्षा जास्तच असायला हवा. १२० भागिले ६०० म्हणजे फिल्ट्रेशन फ्रॅक्शन ०.२०, अपेक्षित तेवढंच.

हे ६०० मात्र प्लाझ्माचे आहेत, रक्ताचे नाहीत. हिमॅटोक्रिट ०.४५ म्हणजे रक्तातला प्लाझ्मा ०.५५. म्हणून ६०० भागिले ०.५५, म्हणजे १०९१ मिली, १.०९ लिटर प्रति मिनिट. इथे दोन ठरलेल्या चुका होतात. ०.५५ ने गुणलं तर ३३० येतं. रक्त प्लाझ्मापेक्षा कमी कसं असेल, असं विचारलं की मुलं स्वतःच खोडतात. ०.४५ ने भागलं तर १३३३ येतं, आणि ही चूक दिसत नाही, कारण आकडा खरा वाटतो. म्हणून मी भागाकाराआधी 'प्लाझ्माचा भाग = ०.५५' असं वेगळ्या ओळीत लिहायला लावते. शिवाय एका फेरीत किडनी साधारण ९० टक्केच पीएएच काढून घेते. प्रश्नात एक्स्ट्रॅक्शन रेशो ०.९ दिला असेल तर आधी ६०० ला ०.९ ने भागायचं. ६६७ येतात, आणि रक्तप्रवाह १.२१ लिटर होतो. दिला नसेल तर उत्तरापुढे 'इफेक्टिव्ह' हा शब्द लिहायचा.

आता दाब. १ किलोपास्कल म्हणजे ७.५ एमएमएचजी. गुणायचं की भागायचं याचा घोळ झाला तर १०० एमएमएचजी म्हणजे १३.३ किलोपास्कल ही जोडी आठवा. किलोपास्कलचा आकडा नेहमी लहान. दुसरी जोडी वातावरणाची, ७६० आणि १०१.३, पण ती समुद्रसपाटीची. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ७०७ एमएमएचजीच्या, म्हणजे ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करून ०.२१ ने गुणलं की श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १५० ऐवजी १३९ एमएमएचजी येतो. इथल्या पेशंटच्या एबीजीवर अल्व्हिओलर गॅसचं समीकरण लावताना सवयीने ७६० घातलं तर ए-ए ग्रेडियंट उगाच ११ ने वाढलेला दिसतो.

आपल्या प्रश्नात मीन प्रेशर म्हणजे डायस्टोलिक अधिक पल्स प्रेशरचा तिसरा भाग: १०.६ अधिक ५.४ भागिले ३, म्हणजे १२.४ किलोपास्कल. यातून थेट ४ वजा करू नका, तो ४ एमएमएचजीतला आहे. १२.४ गुणिले ७.५ म्हणजे ९३. ९३ वजा ४ म्हणजे ८९ एमएमएचजी. रेझिस्टन्स म्हणजे दाबातला फरक भागिले प्रवाह: ८९ भागिले १.०९, साधारण ८२ एमएमएचजी प्रति लिटर प्रति मिनिट. किलोपास्कलमध्ये हवा असेल तर ७.५ ने भागा, १०.९ येईल. थेट वजाबाकी केली असती तर ८.४ भागिले १.०९, म्हणजे ७.७ आलं असतं. तो आकडाही बघायला ठीकच वाटतो, म्हणून ही चूक जास्त धोक्याची.

या ८२ वर शंका हमखास येते. कार्डिॲक आउटपुट ५ लिटर धरला तर अख्ख्या शरीराचा रेझिस्टन्स ९३ भागिले ५, म्हणजे १९ च्या आसपास. मग एका अवयवाचा चौपट कसा? कारण अवयव पॅरलल जोडलेले असतात, आणि अशा जोडणीत प्रत्येक फांदीचा रेझिस्टन्स एकूण रेझिस्टन्सपेक्षा जास्तच असतो. किडनीचा आकडा १९ च्या खाली आला तर गणितात नक्की चूक आहे. आणि क्लिअरन्सने मोजलेला प्रवाह दोन्ही किडन्यांचा मिळून असतो. प्रश्नात एकाच किडनीचा रेझिस्टन्स विचारला असेल आणि दोन्ही सारख्या धरायच्या असतील, तर प्रवाह निम्मा होतो आणि उत्तर दुप्पट, म्हणजे १६४ च्या आसपास येतं.