आवंढा अडतो, भाकरी उतरते

घशात गोळा अडकल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा आधी घरातले सगळे उपाय झाले: हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध. गोळा तिथेच. आमच्या नात्यात एकाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे माझ्या मनात काय चाललं असेल ते सांगायला नको. शेवटी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे गेले.

तपासणीआधीच त्यांनी विचारलं, "जेवताना अडतं का?" मी जरा विचार केला. भाकरी, भात, पाणी, सगळं सरळ उतरत होतं. उलट जेवताना गोळा जाणवतच नव्हता. रिकामा आवंढा गिळला की हजर. डॉक्टर म्हणाले, "ही चांगली खूण आहे. खरी गाठ असती तर आधी घास अडला असता, मग पातळ पदार्थ. तुमचं उलटं आहे."

मग बाकीचे प्रश्न. वजन उतरलंय का, आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, एकाच बाजूला टोचतं का, कान दुखतो का, थुंकीत रक्त येतं का, तंबाखू-मिस्री? सगळ्याला नाही. मान चाचपली, थायरॉईड पाहायला पाण्याचा घोट गिळायला लावला. नंतर नाकात बधिर करणारा कडू फवारा मारून बारीक दुर्बीण आत सरकवली. दुखलं नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. "ई म्हणा," म्हणाले. पडद्यावर पांढऱ्या स्वरतंतूंची जोडी जवळ आली, लांब गेली. गाठ नाही, व्रण नाही.

"ही दुर्बीण अन्ननलिकेच्या तोंडापर्यंतच बघते," हेही त्यांनी सांगितलं. तरी खालची एंडोस्कोपी कशाला नको, तर घास कुठेच अडत नाही म्हणून. मला हे पटलं. नुसतं "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" म्हटलं असतं तर मी दुसरा डॉक्टर गाठला असता.

याला ग्लोबस म्हणतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो. तो जास्त आवळला गेला की असं वाटू शकतं, असं त्यांनी समजावलं. पित्त वर येणं, काळजी, सारखं खाकरणं यानेही ते वाढतं. सगळ्यांत एकच कारण सापडतं असं नाही. मला जळजळ नव्हती म्हणून पित्ताची गोळीही दिली नाही. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा, एवढंच. आणि रिकामे आवंढे गिळून तपासत बसायचं नाही, कारण प्रत्येक कोरडा आवंढा ती जाणीव आणखी जागी करतो. (हे मात्र फार अवघड!)

गोळा लगेच गेला नाही, आणि जाणार नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं. काहींना महिनोन्‌महिने येतजात राहतो. आता ऑफिसात मार्चअखेरची धावपळ असली की तो येतो. घास अडला, वजन उतरलं, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला किंवा दुखणं एका बाजूला आलं, तर मात्र वाट न बघता परत यायला सांगितलंय.