तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॅबचा किती भाग बीमचा?

«स्लॅब आणि बीम एकाच दिवशी, एकत्रच भरले. मग दोन्हीकडचा अर्धा-अर्धा स्लॅब पूर्णपणे बीमच्या हिशेबात का धरत नाही? तीन मीटर उपलब्ध असताना १.९५ मीटरच का?»

लांबच्या स्लॅबपर्यंत दाब तितक्या जोरानं पोचत नाही म्हणून. बीम खाली वाकतो तेव्हा त्याचा वरचा भाग आखडतो. त्याला चिकटलेल्या स्लॅबनंही आखडावं लागतं, पण स्लॅबला ही बातमी कळते ती फक्त वेबच्या, म्हणजे बीमच्या स्लॅबखालच्या उभ्या भागाच्या, कडेच्या जोडातून. जोडाजवळचा स्लॅब बीमइतकाच आखडतो. त्यापलीकडचा पट्टा शेजारच्या पट्ट्याच्या ओढीनं थोडा कमी आखडतो, त्यापलीकडचा आणखी कमी. लग्नाच्या हॉलमधली मोठी सतरंजी मधोमध धरून ओढली की हातातला पट्टा लगेच सरकतो आणि कडा मागे रेंगाळतात, तसंच हे. याला शिअर लॅग म्हणतात. दाब वेबच्या माथ्यावर सर्वात जास्त असतो आणि बाजूला जाता जाता उतरत जातो.

उतरत जाणाऱ्या दाबाची बेरीज दर बीमला करत बसणं शक्य नसतं. म्हणून एक कल्पित रुंदी घ्यायची: तेवढ्याच रुंदीवर वेबवरचा सर्वात मोठा दाब एकसारखा आहे असं मानलं, तर एकूण जोर खऱ्या जोराइतकाच भरला पाहिजे. बीमसोबत काम करणारा स्लॅबचा हा पट्टा म्हणजे फ्लँज, आणि ही त्याची परिणामी रुंदी. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२४ मध्ये तिचं गणित मांडलं. तिच्या जर्मन नावाचा अर्थ ‘सोबतीनं भार वाहणारी रुंदी’ असा होतो, आणि मला तो आपल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो.

आयएस ४५६ मधलं टी-बीमचं सूत्र तुम्हाला पाठ असेल: bf = l0/6 + bw + 6Df. यातला bw म्हणजे वेबची रुंदी, Df म्हणजे स्लॅबची जाडी, आणि l0 म्हणजे मोमेंट शून्य होतो त्या दोन जागांमधलं अंतर. हे अंतर लांब असलं की दाबाला बाजूला पसरायला वाव मिळतो. म्हणून स्लॅब किती मोठा आहे यापेक्षा बीम किती लांब आहे यावर रुंदी जास्त अवलंबून असते. दोन बीममधल्या अंतरानं फक्त वरची मर्यादा ठरते, कारण एकच स्लॅब दोन बीमना दोनदा वाटता येत नाही.

आता एक वर्गखोली घेऊ. बीमचा गाळा ६ मीटर, बीम ३ मीटर अंतरावर, स्लॅब १२० मि.मी., बीम २३० बाय ४५०, काँक्रीट एम२५, सळ्या एफई५००. आधी बीम दोन्ही टोकांना साधा टेकलेला धरू, म्हणजे l0 पूर्ण ६००० मि.मी. रुंदी येते १००० + २३० + ७२० = १९५० मि.मी. ३००० च्या मर्यादेत आहे, म्हणून १९५०.

स्लॅबचं वजन ३, फरशी वगैरे १.५, वर्गाचा लाइव्ह लोड ३, असे चौरस मीटरला ७.५ किलोन्यूटन. ते ३ मीटर रुंदीवरून गोळा होतात, त्यात स्लॅबखालच्या वेबचं वजन मिळवलं की मीटरला साधारण २४.४. दीडपट केले की ३६.६, आणि मध्यावरचा मोमेंट १६५ किलोन्यूटन-मीटर. परिणामी खोली ४०० मि.मी. धरली तर खालच्या सळ्यांचं क्षेत्रफळ ९७३ चौ.मि.मी. येतं. २० च्या दोन आणि १६ च्या दोन टाकल्या की १०३० होतं, आणि २३० रुंदीत त्या चार सळ्या एका थरात मोकळेपणानं बसतात.

या हिशेबातला माझ्या दृष्टीनं मोलाचा आकडा वेगळाच आहे. न्यूट्रल अॅक्सिस, म्हणजे दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा, माथ्यापासून फक्त २४ मि.मी. खाली आहे. स्लॅब १२० चा, आणि दाबाखाली त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण ३००० रुंदी धरून पाहा. अॅक्सिस माथ्यापासून १६ मि.मी. वर येतो, आणि सळ्या लागतात ९६४. तीन मीटर मिळवून वाचल्या ९ चौ.मि.मी., म्हणजे एक टक्का. उलट रुंदी १००० पर्यंत खाली आणली तरी सळ्या ९९९ वर थांबतात. युरोपच्या नियमानं हीच रुंदी सुमारे १९८० येते, अमेरिकी नियमानं साधारण १७००. तिघांची सूत्रं वेगळी असली तरी सळ्या त्याच लागतात. मध्यावरच्या वाकण्यापुरती अचूक रुंदी हा वादाचा विषयच नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. कडकपणाचं मात्र वेगळं आहे. न तडकलेल्या छेदात या टी-बीमचा मोमेंट ऑफ इनर्शिया नुसत्या २३० बाय ४५० च्या सव्वादोनपट आहे, आणि रुंदी बदलली की तोही बदलतो. झोळ मोजताना किंवा फ्रेमचं मॉडेल करताना रुंदी जपून घ्यावी लागते.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे फ्लँज मुळी आहे का, हा प्रश्न. स्लॅबची मदत अजिबात नसेल तर २३० रुंदीचा हा बीम खालच्याच सळ्यांवर जास्तीत जास्त १२२ किलोन्यूटन-मीटर पेलतो. आपल्याला हवेत १६५. फ्लँज एक मीटर आहे की तीन, यानं तीन-चार टक्के फरक पडतो. फ्लँज आहे की नाही, यानं बीम पास होतो किंवा नापास.

फ्लँज नसलेली जागा तर प्रत्येक सलग बीममध्ये असते: आधारावर. तिथं वाकणं उलटं होतं, ताण वर जातो आणि स्लॅब ताणात सापडतो. तडकलेला स्लॅब दाब घेत नाही. दाब घ्यायला उरतो वेबचा तळ, तोही २३० रुंद. आपला बीम सलग असता तर आतल्या पहिल्या आधारावर मोमेंट wl²/10 च्या आसपास, म्हणजे १३२ आला असता. मध्यावर १६५ सहज पेलणारा बीम आधारावर १३२ ला अपुरा पडतो, कारण तिथली मर्यादा १२२ आहे. मी पाहिलेल्या नवशिक्यांच्या हिशेबांत सर्वात जास्त चूक इथंच होते: मध्यासाठी काढलेली टी-बीमची रुंदी आधारालाही लावली जाते. (सलग बीमला l0 गाळ्याच्या ०.७ पट धरायचा, म्हणजे मध्यावरची रुंदीही १६५० होते, पण सळ्यांत फरक पडत नाही हे आपण पाहिलंच.) वरचा १० चा तुटवडा मोठा नाही. खालच्या २० च्या दोन सळ्या आधारातून पुरेशा लांब आरपार नेल्या तर त्याच दाबाच्या सळ्या म्हणून काम करतात, आणि वर २० च्या तीन लागतात. सळ्या कॉलमच्या तोंडाशी तोडल्या असतील तर मात्र हा आधार कागदावरच राहतो.

आता जोडाकडे. टी-बीमची सगळी भिस्त वेब आणि स्लॅब यांच्यातल्या उभ्या जोडावर आहे. मध्यावर दाबाचा एकूण जोर ४२३ किलोन्यूटन. त्यातला वेबबाहेरच्या प्रत्येक बाजूचा वाटा सुमारे १८७, आणि तो आधारापासून मध्यापर्यंतच्या ३ मीटरमध्ये जोडातून सरकत स्लॅबमध्ये जातो. १२० मि.मी. जाडीवर सरासरी अर्धा न्यूटन प्रति चौ.मि.मी., आणि आधाराजवळ त्याच्या दुप्पट, म्हणजे एक. एवढा शिअर नुसत्या काँक्रीटच्या भरवशावर सोडवत नाही. स्लॅबच्या मुख्य सळ्या बीमवरून आडव्या जात असतील तर त्याच हा जोड शिवून ठेवतात. पण बीम स्लॅबच्या मुख्य सळ्यांना समांतर असेल, तर त्याच्यावरून आडव्या मुख्य सळ्या जातच नाहीत. म्हणून आयएस ४५६ सांगतं, अशा ठिकाणी स्लॅबच्या मध्यावरच्या मुख्य सळ्यांच्या निदान ६० टक्के सळ्या बीमवर आडव्या टाका. ड्रॉइंगमध्ये यांची आठवण नसली तर साइटवर त्या हमखास राहतात. राहिल्या की बीमच्या दोन्ही कडांना समांतर, वरच्या अंगाला, लांब चिरा दिसू लागतात.

काही साइटवर आधी बीम स्लॅबच्या तळापर्यंत भरतात आणि स्लॅब आठवड्यानं टाकतात. हेही चालतं, पण मग त्या आडव्या थरातून सगळा ४२३ चा जोर पार व्हावा लागतो. रिंगा स्लॅबमध्ये वरपर्यंत उभ्या राहिलेल्या हव्यात, बीमचा माथा खरबरीत हवा आणि वरचा पांढरा पापुद्रा काढलेला हवा. मी एकदा भरलेल्या बीमवर करणीनं घोटलेला, आरशासारखा माथा पाहिला. कारागिरानं तो मनापासून, चांगलं काम म्हणून केला होता. दोन दिवस छिन्नीनं टोचून घ्यावा लागला.

पण फ्लँज हरवण्याचा मला सर्वात जास्त धसका बसला तो दुसऱ्याच प्रकारानं. या वर्गखोलीसारखाच बीम, इमारतीच्या टोकाला. मी टी-बीम म्हणून काढला होता. नंतर नकाशा बदलला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छतागृहं आली. दोन्हीकडे स्लॅब २५० मि.मी. खाली दाबलेला, म्हणजे सनकन स्लॅब. माझ्याकडे सुधारित नकाशा आला तेव्हा मी फक्त भिंती पाहिल्या. सेंटरिंग तपासायला गेलो तेव्हा बीमजवळ उभं राहून लक्षात आलं की वरच्या अडीचशे मि.मी.मध्ये बीमच्या दोन्ही अंगांना रिकामी हवा आहे. स्लॅब आहे, एकत्रच भरला जाणार आहे, पण तो वेबच्या खालच्या अर्ध्याला जोडलाय, जिथं मध्यावर ताण असतो. एका बाजूचाच स्लॅब खाली असता तर दुसऱ्या बाजूचा एल-बीम उरला असता: रुंदी १०९०, सळ्या ९९४, काही बिघडलं नसतं. दोन्ही बाजू गेल्यावर उरला २३० चा आयत. सनकन स्लॅबमधल्या भराव्याचं जादा वजन सोडून नुसते १६५ धरले, तरी मर्यादा १२२.

दाबाच्या सळ्या वर टाकून तो बसवता आला असता: वर सुमारे ३०० चौ.मि.मी., खाली ११५०. भराव्याचं वजन मिळवल्यावर तेवढ्यावर मला राहवेना. खालच्या मजल्यावरही स्वच्छतागृहच होतं, उंची अडणार नव्हती, म्हणून तळ २०० मि.मी. खाली घेतला. परिणामी खोली ६०० झाली आणि आयत म्हणूनच मर्यादा २७५ वर गेली. सेंटरिंग उतरवून पुन्हा बांधलं, रिंगा नव्या वाकवल्या, स्लॅब चार दिवस पुढे गेला. तेव्हापासून सनकनची रेघ नकाशावर दिसली की तिला लागून असलेले बीम मी लाल पेन्सिलीनं गोल करतो आणि प्रत्येकापुढे लिहितो: टी, एल, की आयत.