आमची वाटचाल: हॅमर, बार आणि एक कापलेला क्रँक

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फोर्जिंग शॉप आहे, एक टनी हॅमर, तेलाची भट्टी आणि हॅमरवर आमचे मामा, जे वडिलांबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते कॉम्प्रेसरच्या सिंगल थ्रो क्रँकचं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका सीएनसीवाल्याने पळवलं. डायचा खर्च नाही, आठ दिवसांत सॅम्पल, ११० एमएमच्या बारातून थेट कोरून. तो २६ किलोचा तुकडा घेऊन ८ किलोचा क्रँक काढायचा, आम्हाला १२ किलोचं बिलेट पुरायचं, तरी महाग आम्हीच! परचेसवाल्या साहेबांनी दोन्ही टेस्ट रिपोर्ट शेजारी ठेवले, मटेरियल दोघांचं ईएन ८, टेन्साइल सारखंच, म्हणाले मग फरक काय? आम्ही गप्प. दोन महिने पगार उधारीवर झाले.

फरक असा की त्याचा टेस्ट पीस बाराच्या लांबीत काढलेला. त्या दिशेला बार मजबूतच असतो, कारण रोलिंगमध्ये स्टीलच्या आतल्या रचनेचे धागे (आणि स्टीलमधली सल्फाइडची घाणसुद्धा) लांबीतच ओढले जातात. पण क्रँकच्या वेबमध्ये, म्हणजे जर्नल आणि पिन जोडणाऱ्या भागात, ताण आडवा जातो, आणि कोरताना पिन वेबला मिळते त्या गळ्याशी धागे तुटून त्यांची टोकं उघडी पडतात. फटीगचा तडा तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे मामा तापलेला पिवळाधमक बार आधी वाकवून घेतात, मग डायमध्ये बसवतात, म्हणून धागा जर्नलमधून वेबमध्ये आणि तिथून पिनमध्ये वळतो, तुटत नाही.

चार महिन्यांनी त्याचे क्रँक गळ्यातच तुटून आले. एक जुने काका, कॉम्प्रेसर रिपेअरवाले, ज्यांनी आम्हाला कधी सोडलं नाही, ते तुटलेला पीस घेऊन आले. मामांनी तो आणि आमचा, दोन्ही मधोमध उभे कापले, घासून गुळगुळीत केले आणि अर्धं पाणी अर्धं हायड्रोक्लोरिक ॲसिड गरम करून त्यात वीसेक मिनिटं ठेवले. (ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि धुराकडे तोंड करू नका.) त्याच्यात रेघा सरळ जाऊन गळ्याशी कापलेल्या, आमच्यात वळणावर वळलेल्या.

खरं सांगायचं तर त्याच्या गळ्याला टूलची पायरीपण राहिली होती, सगळा दोष धाग्यांचा नाही. आणि रेसिंगवाले बारातून कोरतातच की, पण ते एकदम स्वच्छ ॲलॉय स्टील घेऊन नायट्रायडिंग करतात, आणि दोन-चार नगांसाठी डाय कोण बनवणार! उलट फोर्जिंगमध्येही वाकवायची पायरी वाचवली तर लॅप पडतो, म्हणजे धातूची घडी न जुळता आत दबते, मग धागा वळला काय नि न वळला काय.

तुम्ही घेत असाल तर नुसता टेन्साइल रिपोर्ट बघू नका, लॉटमागे एक पीस कापून असाच ॲसिडमध्ये एच करून मागा, नाही म्हणाला तर समजून जा.

ऑर्डर परत आली, पण जुन्याच रेटला. साहेबांनी तो कापलेला पीस मात्र मागून नेला, अजून दिलेला नाही.