आमची वाटचाल: ओळीमागे दर लावणं आम्ही का सोडलं

आम्ही तिघं वेबसाइटवरून स्क्रिप्टने डेटा गोळा करून देण्याचं, म्हणजे स्क्रॅपिंगचं, काम करतो. सुरुवातीला दर ठरवण्याची आमची रीत सोपी होती: डेटाच्या फाइलमध्ये जितक्या ओळी, तितके पैसे. क्लायंटला ते पटकन समजायचं आणि आम्हालाही. यात नेमकं काय चुकतंय, ते एका कामाने दाखवून दिलं.

एका विक्रेत्याला प्रतिस्पर्ध्याच्या साइटवरच्या सहा हजार वस्तूंच्या किमती रोज हव्या होत्या. स्क्रिप्ट दोन दिवसांत लिहून झाली. पुढचे दोन महिने फाइल रोज सकाळी वेळेवर जात होती. मग एक दिवस त्याचा फोन आला, "अहो, समोरच्याने एका रात्रीत सगळं महाग केलं का?" आम्ही लॉग पाहिले. सगळ्या पानांना २०० हा, म्हणजे पान नीट मिळाल्याचा, कोड आलेला, एकही एरर नाही, ओळी बरोबर सहा हजार.

घोळ स्क्रिप्टच्या या एका ओळीत होता:

```python
price = page.select_one(".price").text
```

त्या साइटने रचना बदलली होती. आता छापील किंमत काट मारून आधी येत होती आणि खरी विक्री किंमत तिच्यानंतर. दोन्हींचा क्लास `price` च. `select_one` पहिली सापडेल ती उचलतं, म्हणून आम्ही काट मारलेली किंमत पाठवत होतो. स्क्रिप्ट बंद पडली असती तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. खूण तर डोळ्यांसमोरच होती: एका रात्रीत दोन हजारांहून जास्त किमती वाढल्या होत्या आणि जवळपास एकही कमी झाली नव्हती. खऱ्या बाजारात असं क्वचितच होतं.

दुरुस्तीला दीड दिवस गेला, तो फुकट. ओळीमागच्या दरात या दीड दिवसाला जागाच नव्हती. त्यानंतर आमच्या कोटेशनचे तीन भाग झाले: स्क्रिप्ट बांधण्याचे पैसे एकदाच, ती चालवण्याचे दरमहा, आणि देखभालीचे वेगळे. देखभालीत दोन गोष्टी येतात. कालच्या फाइलशी तुलना करून एकाच दिशेने मोठी उडी दिसली तर फाइल अडवायची, आणि दर आठवड्याला पन्नास ओळी माणसाने ब्राउझरमध्ये उघडून ताडायच्या.

दुसरा वाद नेहमी वेगाचा असतो. याच क्लायंटला पुढे किमती दर तासाला हव्या झाल्या. आम्ही एका साइटला तीन सेकंदांत एकच रिक्वेस्ट पाठवतो, म्हणजे सहा हजार पानांना पाच तास लागतात. तासाभरात बसवायचं तर सेकंदाला दीडहून जास्त रिक्वेस्ट लागतील. समोरचा सर्व्हर ४२९ हा, म्हणजे फार रिक्वेस्ट येत असल्याचा, कोड देऊ लागतो तो अशाच वेळी, आणि तेव्हा आयपी बदलत राहण्यापेक्षा थांबणं शहाणपणाचं. आम्ही त्याला विचारलं, दिवसात खरोखर बदलतात अशा किमती किती? जुन्या फाइली चाळल्या तर चारशेच निघाल्या. त्यांना वीस मिनिटं पुरतात. बाकीच्या रात्री एकदा. खर्चही कमी झाला.

कायद्याचं विचाराल तर आम्ही वकील नाही, पण काम घेण्याआधी तीन गोष्टी पाहतो: पान लॉगिनशिवाय दिसतं का, `robots.txt` ही साइटने स्क्रिप्टांसाठी ठेवलेली सूचनांची फाइल काय सांगते आणि डेटात माणसांची माहिती आहे का. `robots.txt` ही विनंती आहे, कुलूप नव्हे. तरी आम्ही ती पाळतो. लॉगिनमागचं काम घेत नाही, कारण खातं उघडताना अटी मान्य केलेल्या असतात. LinkedIn वरचा डेटा गोळा करणारी hiQ ही कंपनी आणि LinkedIn यांच्यातल्या अमेरिकेतल्या खटल्याचा दाखला बरेच क्लायंट देतात, "स्क्रॅपिंग कायदेशीर ठरलं की!" त्यांना अर्धीच गोष्ट माहीत असते. २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सार्वजनिक पानांबाबत hiQ च्या बाजूने कल दिला खरा, पण त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने वापराच्या अटी मोडल्याचा ठपका hiQ वरच ठेवला. शिवाय तो एका देशाचा कायदा.

लोकांचे फोन नंबर आणि ईमेल गोळा करून द्या, अशी मागणी तर सारखी येते. "सगळं उघडच तर आहे," हे ठरलेलं वाक्य. युरोपातल्या माणसांची माहिती असेल तर ती उघड असली तरी जीडीपीआर हा तिथला खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होऊ शकतो. आम्ही सरळ नाही म्हणतो. त्या नकारात दोन मोठी कामं गेली, हेही खरं.

किमतीवाला क्लायंट अजून आहे. मागे एकदा त्याने विचारलं, "काही मोडलंच नाही, तर देखभालीचे पैसे कशाचे?" आम्ही त्याला त्या आठवड्याच्या ताडलेल्या पन्नास ओळी पाठवल्या. त्यात त्यालाच एक चूक सापडली: एका वस्तूची किंमत दोन नगांच्या पॅकची होती. आता ताडताना नगांचा कॉलमही पाहतो.